झालर लावताना या चुका टाळा

भाचीच्या खणाच्या फ्रॉकला खालून झालर लावायची होती. त्याआधी मलमलचा एक फ्रॉक छान जमला होता, म्हणून तेच माप डोळे झाकून उचललं: घेर ५६ इंच, झालर त्याच्या अडीचपट, म्हणजे १४० इंच. चुण्या ओढताना दोरा दोनदा तुटला. कसंबसं जोडलं, तर शिवण करंगळीएवढी जाड झाली आणि झालर खाली पडायच्या ऐवजी छत्रीसारखी बाहेर उभी राहिली. सगळं उसवलं. दुसऱ्या वेळी फक्त ८४ इंच घेतले, म्हणजे दीडपट, आणि तीच झालर शहाण्यासारखी खाली आली.

झालर बिघडली की आपण हाताला दोष देतो. बहुतेक वेळा चूक कापतानाच झालेली असते.

एकच माप सगळ्या कापडांना

पातळ कापडाच्या चुण्या एकमेकींत सहज बसतात, म्हणून त्याला जास्त कापड लागतं. कमी घेतलं तर झालर झालर वाटत नाही, शिवण आवळली गेल्यासारखी दिसते. जाड कापडाची एकेक चुणीच मोठी जागा खाते, त्यामुळे तिथे उलट होतं. मी साधारण असं धरते: शिफॉन, जॉर्जेट, नेट यांना तिप्पट, मलमल, व्हॉइलला अडीचपट, पॉपलिन, केंब्रिकसारख्या रोजच्या सुतीला दुप्पट, खण, जाड खादी, डेनिम यांना दीडपट. झालरीची उंचीही बघावी. दीड इंचाची चिमुकली झालर जरा कमी कापडावर भागते. सात-आठ इंचाची लांब झालर त्याच कापडाची असली तरी थोडं जास्त मागते, नाहीतर खालच्या कडेला सपाट पडते.

आकड्यांवर विसंबायचं नसेल तर १२ इंचाची पट्टी कापून तिच्या चुण्या करा. आधी ८ इंचावर आणा, मग ६, मग ४, आणि प्रत्येक वेळी हातात उभी धरून बघा. जिथे चुण्या खाली सरळ पडायच्या थांबून आडव्या फुगायला लागतात, त्याच्या आधीचं माप आपलं. दहा मिनिटं जातात, पण तीन मीटर कापड वाचतं.

पट्टी कोणत्या बाजूने कापली?

झालरीच्या पट्ट्या पन्ह्यात आडव्या कापाव्यात, म्हणजे कापडाचा उभा धागा झालरीत वरून खाली येतो आणि चुण्या मऊ पडतात. जोड टाळायच्या मोहाने कापडाच्या लांबीत पट्टी काढली की तीच झालर ताठर वाटते.

खणाची अडचण इथेच आहे. काठ कापडाच्या लांबीत असतो, आणि झालरीच्या खाली काठ हवा असेल तर पट्टी लांबीतच कापावी लागते. मला तो सौदा मान्य आहे, कारण किनार आयती मिळते, खाली दुमडायला नको आणि जोडही एकच येतो. पण कापड आधीच ताठ, त्यात धागा उलटा, म्हणून दीडपटीच्या वर जाऊ नये. काठ नसलेल्या झालरीची खालची कड मात्र चुण्या घालायच्या आधीच दुमडून शिवून घ्या. चुण्या झाल्यावर ते काम म्हणजे शिक्षा आहे.

एकाच ओळीवर ओढणं

टाक्याची एकच ओळ घातली की चुण्या फिरतात, तिरक्या होतात. दोन ओळी हव्यातच. शिवणीसाठी अर्धा इंच म्हणजे चार सूत माया सोडली असेल, तर सुतीवर पहिली ओळ कडेपासून दोन सुतांवर आणि दुसरी पाच सुतांवर घालते. खरी शिवण या दोन्हींच्या मध्ये येते. दुसरी ओळ नंतर उसवून टाकायची. खण किंवा रेशमावर सुईची भोकं राहतात, तिथे दोन्ही ओळी मायेतच, दोन आणि तीन सुतांवर.

टाका सर्वांत लांब ठेवा, वरचा ताण थोडा सैल करा आणि ओढायचा तो बॉबिनचा दोरा. बॉबिनमध्ये वेगळ्या रंगाचा, मजबूत पॉलिएस्टर दोरा भरला की तुटतही नाही आणि सापडतोही. सुरुवातीला किंवा शेवटी उलटा टाका मारू नका, नाहीतर दोरा ओढलाच जात नाही. आणि ८४ इंच एका दमात ओढायला जाऊ नका. मी टाक्याच्या ओळीचे २१-२१ इंचाचे चार भाग करते, प्रत्येकाचे दोरे वेगळे. जोडाच्या जागी ओळ थांबवून पुढे पुन्हा सुरू करते, कारण जोडाच्या जाडीत दोरा हमखास अडकतो.

खुणा न करता टाचणं

‘नजरेने सारखं करू’ म्हटलं की पुढे दाट आणि मागे विरळ झालर होते. झालर आधी जोडून गोल करा. घेराचे आठ भाग करा, झालरीचेही आठ, आणि खडूने खुणा करा. माझ्या फ्रॉकमध्ये घेराचा प्रत्येक भाग ७ इंच होता आणि झालरीचा साडेदहा. खुणेला खूण लावून टाचण्या मारल्या की साडेदहा इंच सात इंचांतच बसवायचे, एवढंच काम उरतं. आता दोरा ओढा आणि चुण्या बोटांनी सारून समान करा. झालं की दोऱ्याची टोकं टाचणीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळा, म्हणजे चुण्या परत पसरत नाहीत.

मशीनवर घेताना झालर वरच्या बाजूला ठेवा. ती खाली गेली तर चुण्या कुठे दुमडल्या ते दिसतच नाही. टाका परत नेहमीचा, अडीच मिलिमीटरच्या आसपास. प्रेसर फूट चुण्या पुढे ढकलत नेतं, म्हणून दाभणाच्या टोकाने त्या फुटाखाली सरळ आत सारत, हळूहळू शिवा. टाचणी सुईजवळ आली की काढा.

शिवून झाल्यावर उलट बाजूने फक्त मायेवर इस्त्री करा, माया फ्रॉकच्या अंगाकडे वळवून. झालरीवर इस्त्रीचं नुसतं टोक खालून वर चुण्यांमध्ये न्यायचं. अख्खी इस्त्री फिरवली तर चुण्या सपाट घड्या होऊन बसतात.

मग झालर सुलट करून घेरभर बोट फिरवा. कुठेतरी एखादी चुणी आडवी दुमडून शिवणीत अडकलेली लागेलच, मला दर वेळी एकतरी सापडते. त्यासाठी अख्खी शिवण उसवू नका. त्या जागेचे दोन इंच सोडवा, दाभणाने चुणी उभी करा आणि जुन्या शिवणीवर दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच चढवून पुन्हा टाका मारा. चुण्यांच्या मधले दोरे मी ही तपासणी होईपर्यंत काढत नाही, कारण ते असेपर्यंत बाकीची झालर जागची हलत नाही.