या चुका टाळा: कॅमेऱ्यासमोरचा ठोसा खोटा का दिसतो

नेरूळ किंवा कोपरखैरणेतल्या एखाद्या सोसायटीचे स्टिल्ट पार्किंग शॉर्ट फिल्ममधल्या मारामारीसाठी फार सोयीचे असते, कारण तिथे डोक्यावर छप्पर असते, पावसाची अडचण नसते आणि कॅमेरा मागे नेण्याइतकी मोकळी जागा मिळते. तरीही अशा ठिकाणी चित्रित केलेला साधा एक ठोसासुद्धा पुष्कळदा पडद्यावर हवेत मारल्यासारखा दिसतो, आणि मग तो खरा वाटावा म्हणून पुढच्या टेकला मूठ चेहऱ्याच्या अधिकाधिक जवळ नेली जाते. दुखापती होतात त्या इथेच. म्हणून या लेखात एकच प्रसंग तपासू: दोन माणसे समोरासमोर उभी आहेत, एक जण उजव्या हाताने बाजूने वळणारा ठोसा मारतो आणि दुसऱ्याच्या डाव्या गालावर तो बसल्यासारखा दिसायला हवा. प्रत्यक्षात मुठीचा स्पर्शही होणार नाही, हे आधीच ठरलेले आहे.

सर्वांत मोठी चूक कॅमेरा बाजूला ठेवण्याची असते. दोघेही नीट दिसावेत म्हणून मोबाइल त्यांच्या मधोमध, काटकोनात उभा केला जातो आणि मूठ व गाल यांच्यातली पोकळी प्रेक्षकाला उघड दिसते. ही पोकळी काढून टाकायची नसते, ती कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेत लपवायची असते. त्यासाठी कॅमेरा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. मग मूठ चौकटीत डावीकडून येते, क्षणभर त्याच्या डोक्याआड जाते आणि उजवीकडे बाहेर पडते. डोकेही त्याच दिशेने वळते, त्यामुळे डोक्याच्या आड जे घडले ते प्रेक्षक स्वतःच पूर्ण करतो. दुसरा चालणारा कोन मारणाऱ्याच्या खांद्यामागून घेतात. त्यात मूठ उजवीकडून डावीकडे जाताना समोरच्याचा चेहरा झाकून पुढे सरकते. या दोन्ही कोनांत कॅमेरा वर चढवण्याचा मोह टाळावा. गाडीच्या टपावर मोबाइल टेकवून वरून घेतलेल्या शॉटमध्ये पोकळी हमखास दिसते.

आता अंतराचा हिशेब पाहू. मारणाऱ्याने उजवा हात पूर्ण सरळ केला तरी त्याची मूठ समोरच्याच्या नाकापासून एक वीत दूर राहील, इतक्या अंतरावर दोघांनी उभे राहावे आणि मारणाऱ्याच्या पुढच्या पावलासमोर जमिनीवर चिकटपट्टी लावावी. वळणाऱ्या ठोशात कोपर वाकलेले असते, त्यामुळे मूठ प्रत्यक्षात चेहऱ्यापासून साधारण 40 सेंटिमीटरवरून जाते. चिकटपट्टी महत्त्वाची अशासाठी, की जोशात हात चुकण्यापेक्षा पाऊल पुढे सरकण्याचा आणि अंग झुकण्याचा धोका जास्त असतो.

इतके अंतर पडद्यावर लपेल का, अशी शंका येणे साहजिक आहे. ते लपते, मात्र कॅमेरा लांब असेल तरच. कॅमेरा डोक्याच्या मागे एक मीटरवर असेल, तर मूठ 1.4 मीटरवर येते आणि डोक्याच्या जागी असती त्यापेक्षा सुमारे 70 टक्के आकाराची दिसते. ती मागे आहे हे डोळ्यांना लगेच कळते. कॅमेरा चार मीटरवर नेला, तर मूठ 4.4 मीटरवर असते आणि आकार सुमारे 90 टक्के राहतो. हा फरक हालचालीत कुणालाही जाणवत नाही. म्हणून मोबाइल मागे नेऊन 3x लेन्स वापरावी, म्हणजे चार मीटरवरून कमरेपासून वरचा शॉट मिळतो. तशी लेन्स नसेल तर 4K मध्ये चित्रित करून संकलनात चौकट कापून घ्यावी. जवळ जाऊन वाइड लेन्सने घेतलेला शॉट दणकट दिसतो असा अनेकांचा समज आहे. ठोशाच्या बाबतीत तो उलटा ठरतो.

कोन बरोबर असूनही ठोसा खोटा वाटत असेल, तर दोष बहुतेक वेळा वेळेत असतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. मूठ सेकंदाला पाच मीटर वेगाने जात असेल, तर एका फ्रेममध्ये ती 20 सेंटिमीटर सरकते, म्हणजे चेहऱ्याची पूर्ण रुंदी ओलांडते. लागल्याचा क्षण असा जेमतेम एका फ्रेमचा असतो. दुसरीकडे, डोळ्यांनी पाहून शरीर हलवायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद, म्हणजे पाच-सहा फ्रेम लागतात. म्हणून मूठ चेहऱ्यासमोर आलेली पाहून जो मान वळवतो, तो कितीही चपळ असला तरी उशिराच वळवतो. आणि ज्याला हे जाणवते तो घाईने आधीच वळतो, डोळे मिटतो, खांदे उचलतो. मग ठोसा बसण्यापूर्वीच लागल्यासारखे दिसते. दोन्ही चुकांवर तालीम हाच उपाय आहे, पण ती तालावर केलेली असली पाहिजे. एक म्हणताना दोघांची नजर मिळते, दोन म्हणताना हात मागे जातो, तीन म्हणताना मूठ चेहऱ्यासमोरून निघते आणि त्याच तीनवर मान वळते. मार खाणाऱ्याने मुठीवर लक्ष ठेवायचे नाही, ताल धरायचा. नजर मिळाली नाही तर मारणाऱ्याने हात उचलायचाच नाही, हा नियम दोघांनीही पाळावा, कारण समोरचा तयार नाही हे कळण्याची तेवढी एकच खूण असते.

ही तालीम आधी अगदी संथ, मग अर्ध्या वेगाने आणि शेवटी पाऊण वेगापर्यंत न्यावी. त्यापुढे जाण्याची गरज पडत नाही. मूठ चेहऱ्यासमोर येताच थांबवणे ही सभ्यपणातून होणारी चूक आहे. थांबलेली मूठ प्रेक्षकाला लगेच कळते आणि तिचा अंदाज समोरच्यालाही येत नाही. ती दुसऱ्या बाजूच्या खांद्याच्या रेषेपर्यंत सरळ जाऊ द्यावी. मार खाणाऱ्याने मानेला हिसका देऊ नये. हनुवटीने सुरुवात करून खांदे आणि कंबर सोबत वळवली, की आघात मोठा दिसतो आणि मान सांभाळली जाते. अंगठ्या, कडे, घड्याळ आणि चश्मा आधीच काढून ठेवावेत.

पार्किंगमध्ये आणखी दोन गोष्टी घात करतात. पहिली म्हणजे सावली. छताच्या ट्यूबलाइटमुळे मागच्या भिंतीवर दोघांच्या सावल्या पडतात, आणि कॅमेऱ्याने लपवलेली पोकळी तिथे स्पष्ट उमटते. भिंतीपासून लांब उभे राहावे किंवा तेवढी एक ट्यूब बंद करावी. दुसरी गोष्ट शटरची. बाहेरचा उजेड आत येत असेल तर मोबाइल स्वयंचलित रीतीने शटर 1/1000 सेकंदापर्यंत नेतो आणि मूठ प्रत्येक फ्रेममध्ये कोरीव दिसते. शटर 1/50 वर बांधले, तर आधीच्या वेगाने जाणारी मूठ एका फ्रेममध्ये दहा सेंटिमीटर पुसट होते, आणि ही पुसटता आपल्या बाजूने काम करते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने 25 फ्रेम आणि 1/50 या जोडीने ट्यूबचा लुकलुकाटही सहसा टळतो. स्लो मोशनचा हट्ट मात्र या ठोशासाठी सोडावा, कारण एका फ्रेमचे गुपित त्यात अनेक फ्रेमभर उघडे पडते.

संकलनात पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून ठोसा पाहावा. मुक्या चित्रात तो पटत नसेल तर कोणताही आवाज त्याला वाचवणार नाही. मान दोन फ्रेम उशिरा वळली असेल, तर मूठ डोक्याआड गेल्यापासूनच्या दोन फ्रेम काढून टाकल्या तरी हात किंचित उडी मारल्याचे कळत नाही. दोन्ही कोनांचे शॉट जोडायचे असतील, तर नेमक्या आघातावर कट करू नये. मागच्या कोनात डावीकडून उजवीकडे जाणारी मूठ पुढच्या कोनात उलट दिशेने जाऊ लागते आणि डोळा अडखळतो. हात मागे जाण्याआधी किंवा मान पूर्ण वळल्यानंतर कट करावा.

आवाज जागेवर मिळत नाही, तो नंतर भरावा लागतो. (मारणारा तोंडानेच ‘ढिशुम’ करत असेल तर त्याला आधी थांबवावे, ओठांची ती हालचाल मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.) एकच तयार आवाज डाउनलोड करून प्रत्येक ठोशाला चिकटवणे ही नेहमीची चूक. त्याऐवजी तीन थर रचावेत: आघाताच्या तीन-चार फ्रेम आधी सुरू होणारी हलकी सपकन, मग जाड रेक्झिनच्या बॅगेवर मुठीने मारून घेतलेला बोदा धक्का, आणि त्यावर ओल्या टॉवेलची चापट. त्यानंतर मार खाणाऱ्याचा अडकून सुटलेला श्वास येतो, आणि माझ्या मते दुखल्याचा खरा पुरावा तोच असतो. धक्क्याचा सर्वांत मोठा बिंदू आघाताच्या फ्रेमवर किंवा तिच्या एक फ्रेम नंतर ठेवावा. आवाज चित्राच्या आधी आल्यास 45 मिलिसेकंदांच्या आसपासही जाणवतो, पण मागे राहिला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत बहुतेकांना खटकत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा तो मागे सरकवावा.

घरी मुद्रित केलेला हा आवाज कोरडा असतो आणि काँक्रीटच्या पार्किंगमध्ये घुमणाऱ्या संवादांशेजारी परका वाटतो. चित्रीकरणाच्या दिवशी त्याच जागी एक जोरदार टाळी मुद्रित करून ठेवावी आणि तिचा घुमारा ऐकत धक्क्याला रिव्हर्ब द्यावा.

सोसायटीच्या सचिवांची परवानगी घेताना वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही वेळ सांगून ठेवावी, नाहीतर कुणीतरी 112 वर फोन करते आणि तो करणाऱ्याची चूक नसते. ठोशानंतर काँक्रीटवर पडायचे असेल तर पडण्याचा शॉट वेगळा, गादीवर आणि चौकटीच्या खालच्या कडेबाहेर घ्यावा. जिना, काच, उंचीवरून पडणे किंवा तिघाचौघांची झटापट कथेत असेल, तर ती दृश्ये अनुभवी फाइट मास्टरशिवाय चित्रित करू नयेत.