सुरुवातीच्या सॅक्सोफोनवरून गाणं शोधताय? या चुका टाळा

गाण्याचे बोल विसरतात, सिनेमाचं नावही विसरतं, पण मुखड्याआधी वाजलेला सॅक्सोफोन किंवा संतूरचा तुकडा डोक्यात वर्षानुवर्षं फिरत राहतो. खान्देशात हे जरा जास्तच होतं, कारण इथे जुनी गाणी रेडिओइतकीच लग्नाच्या बँडमधूनही कानावर पडलेली असतात आणि बँडवर शब्द नसतात. अशी गाणी हमखास सापडू शकतात. शोध अडतो तो बहुतेक वेळा ठरावीक तीन-चार ठिकाणीच.

वाद्यच चुकीचं ओळखणं

आपण ज्याला सॅक्सोफोन म्हणतो ते क्लॅरिनेट असू शकतं. बँडच्या ताफ्यात दोन्ही असतात, म्हणून आपल्याकडे हा घोळ फार होतो. क्लॅरिनेटचा खालचा सूर पोकळ आणि लाकडी वाटतो. सॅक्सोफोनचा सूर भरदार असतो. त्याच्या सुरुवातीला हवेचा हलका फुत्कार ऐकू येतो, आणि वाजवणारा बऱ्याचदा थोडं खालून घसरत मूळ सुरावर येतो. नव्वदच्या दशकानंतरच्या गाण्यांत तिसरीच शक्यता असते, ती म्हणजे कीबोर्डवरचा सॅक्सोफोन. तिथे प्रत्येक सूर अगदी एकसारखा सुरू होतो आणि दोन सुरांमध्ये श्वास घ्यायची जागाच नसते.

संतूर, स्वरमंडल आणि मँडोलिन यांचीही अशीच गल्लत होते. एकाच झटक्यात खालून वर सरसर गेलेला झंकार ऐकू आला तर ते बहुधा स्वरमंडल. एकच सूर सतत थरथरत धरून ठेवला असेल आणि मागे फारशी गुंज राहत नसेल तर मँडोलिन. संतूरवर काडीचा आघात पडतो, त्यामुळे प्रत्येक सुराला टोक असतं आणि मागचे सूर पुढच्यात मिसळत राहतात. सतारीची खूण सर्वांत सोपी आहे. एकदा तार छेडल्यावर सूर ओढून वर नेला, म्हणजे मींड घेतली, की ती सतार समजा. संतूरवर तार अशी ओढता येत नाही.

पण कान कितीही तयार असला तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५४ च्या ‘नागिन’मधली ती प्रसिद्ध बीन ही पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या कीबोर्डवर वाजवली होती. म्हणून शोधताना वाद्याचं एकच नाव धरून बसू नका. ‘सॅक्सोफोन’ने काही मिळालं नाही तर ‘क्लॅरिनेट’ टाकून पाहा, आणि ‘संतूर’ने मिळालं नाही तर ‘मँडोलिन’.

वाद्यावरून थेट संगीतकार ठरवणं

ही सर्वांत महागडी चूक. संतूर ऐकलं की शिव-हरी, मग ‘सिलसिला’ आणि ‘चाँदनी’ची सगळी गाणी चाळायची. सॅक्सोफोन ऐकला की आर. डी. बर्मन. या समजुतीला थोडा आधार आहे, पण त्यातून शोध चुकीच्या गल्लीत शिरतो. हिंदी सिनेमातले वादक एका संगीतकाराला बांधलेले नव्हते. सकाळी एकाचं रेकॉर्डिंग, दुपारी दुसऱ्याचं, असं काम चालायचं. त्यामुळे सुरुवातीचा तुकडा संगीतकारापेक्षा वादकाकडे जास्त बोट दाखवतो.

सॅक्सोफोनच्या बाबतीत ते बोट फार वेळा मनोहारी सिंग यांच्याकडे जातं. कर्सियांगचा हा माणूस (१९३१–२०१०) आर. डी. बर्मन यांचा अरेंजर म्हणून ओळखला जातो, पण त्यांचा सॅक्सोफोन शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन, ओ. पी. नय्यर अशा सगळ्यांकडे वाजलाय. सिनेमाच्या श्रेयनामावलीत आणि कॅसेटच्या कव्हरवर वादकांची नावं क्वचितच असायची, म्हणून आपल्याला ते नाव सुचत नाही. खरं तर शोधायला तेच नाव सर्वांत उपयोगी आहे.

अमळनेरच्या एका आप्पांची गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे विविध भारतीवरून भरून घेतलेली जुनी कॅसेट आहे. पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी एक संथ, उदास सॅक्सोफोन सुरू होतो, पुरुषाचा आवाज लागतो न लागतो आणि टेप संपते. निवेदकाने नाव सांगितलं असणार, पण रेकॉर्डचं बटण उशिरा दाबलेलं. आप्पा म्हणायचे, “चाल ध्यानमा शे, बोल ध्यानमा नई शेतस.” त्यांच्या पुतण्याने आर. डीं.ची सत्तरच्या दशकातली गाणी एकामागून एक ऐकली, हाती काहीच लागलं नाही.

आम्ही शोध उलटा केला. संगीतकार सोडला आणि `Manohari Singh saxophone songs` असं टाकून जी गाणी वारंवार समोर आली ती कागदावर लिहून काढली. मग प्रत्येकाला दोन प्रश्न लावले. आवाज पुरुषाचा का? चाल संथ आणि उदास का? ‘आरज़ू’मधलं (१९६५) ‘बेदर्दी बालमा’ उदास आहे आणि त्यातला सॅक्सोफोन विसरता न येणारा आहे, पण आवाज लताबाईंचा, म्हणून बाद. ‘गाइड’मधलं (१९६५) ‘गाता रहे मेरा दिल’ किशोर आणि लताबाईंचं आहे, पण ते आनंदाचं गाणं, तेही बाद. उरलेल्यांत ‘कश्मीर की कली’मधलं (१९६४) ‘है दुनिया उसीकी’ होतं: रफींचा आवाज, ओ. पी. नय्यर यांचं संगीत, एस. एच. बिहारी यांचे शब्द. ते लावल्याबरोबर आप्पांनी मान डोलावली. नय्यर म्हटलं की आपल्याला टांग्याचा ठेका आठवतो. असा संथ सॅक्सोफोन त्यांचा असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, आणि पुतण्याचा शोध अडला होता तो नेमका इथेच.

ॲपला चुकीची गोष्ट ऐकवणं

आप्पांच्या पुतण्याने शाझम हे वाजणारं गाणं ऐकून ओळखणारं ॲपही लावून पाहिलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं. त्याचं कारण समजून घेतलं की पुढचा बराच वेळ वाचतो.

शाझम चाल ओळखत नाही, एक विशिष्ट रेकॉर्डिंग ओळखतं. आवाजात कोणत्या क्षणी कोणती कंपनं सर्वांत ठळक आहेत, त्यांच्यामध्ये किती वेळ जातो, याचा ठसा काढून ते साठवलेल्या ठशांशी जुळवतं. म्हणून आजूबाजूला गर्दीचा गोंगाट असला तरी ते काम करतं. पण वरातीत बँडने तेच गाणं वाजवलं तर तो ठसा मुळात वेगळाच असतो, आणि तिथे फोन कितीही उंच धरला तरी उपयोग नाही. गुणगुणून दाखवणंही इथे व्यर्थ.

कॅसेटची अडचण वेगळी. जुना टेपरेकॉर्डर थोडा जलद किंवा थोडा सावकाश चालतो. वेग बदलला की सूरही बदलतो. साधारण ६ टक्के वेग वाढला तर सगळं गाणं पेटीवरच्या शेजारच्या पट्टीवर जातं, म्हणजे काळी १ ची पट्टी काळी २ च्या दिशेने एक पाऊल सरकते. याहून कमी फरकानेही ठसा जुळेनासा होतो. आप्पांची कॅसेट मूळ गाण्याशेजारी लावल्यावर लक्षात आलं की ती सुमारे ३ टक्के जलद होती. अशा वेळी कॅसेटचा आवाज संगणकावर घ्यायचा आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये वेग बदलायचा. मात्र फक्त लय बदलणारी सोय नको, वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारी हवी. एक-एक टक्का कमी-जास्त करत शाझमला ऐकवत जायचं. यूट्यूबवरचं वेग कमी-जास्त करायचं बटण इथे चालत नाही, ते सूर तसाच ठेवतं.

बँडचं ऐकलेलं किंवा फक्त मनात असलेलं गाणं असेल तर गुणगुणून शोधायची सोय वापरा. गूगलच्या ॲपमध्ये ती २०२० पासून आहे. तिथे उलटी गोष्ट आहे. ती सोय वाद्य, आवाजाचा पोत हे सगळं बाजूला काढून फक्त चालीचा चढ-उतार पाहते. पट्टी चुकली तरी चालतं, पण “हा सॅक्सोफोन होता” ही माहिती तिला कळतच नाही. म्हणून सुरुवातीचा तुकडा गुणगुणत बसण्यापेक्षा मुखड्याची ओळ १०–१५ सेकंद ‘ला ला’वर म्हणा. मुखडा आठवत नसेल तरच वाद्याचा तुकडा म्हणा, आणि त्यातले मुरके-हरकती गाळून मोठे सूर तेवढे ठेवा. शांत खोलीत, पंखा बंद करून म्हटलं तर फरक पडतो.

पहिले वीस सेकंद ऐकून गाणं बाद करणं

बरोबर गाणं समोर येऊनही हातातून निसटतं ते इथे. आपल्याला जो तुकडा ‘सुरुवातीचा’ म्हणून आठवतो, तो कित्येकदा मुखडा आणि पहिल्या अंतऱ्याच्या मधला असतो. बँडवालेही मधलाच आवडता तुकडा घेऊन गाणं सुरू करतात, आणि आपल्या कानात तीच सुरुवात होऊन बसते. त्यामुळे यादीतलं प्रत्येक गाणं पहिल्या अंतऱ्यापर्यंत ऐकल्याशिवाय काट मारू नका.

दुसरं म्हणजे यूट्यूबवर सिनेमातून कापलेल्या तुकड्यात सुरुवातीच्या संगीतावर संवाद असतात किंवा ते संगीत छाटलेलं असतं. रेकॉर्डवरची आणि पडद्यावरची सुरुवात एकसारखी असेलच असं नाही. कंपनीने स्वतः टाकलेलं निव्वळ ऑडिओ आणि सिनेमातलं दृश्य, दोन्ही लावून पाहा. रिमिक्स किंवा ‘झंकार बीट्स’वालं समोर आलं तर ते सोडून द्या. त्यात मूळ वादनावर वेगळा ठेका चढवलेला असतो, आणि त्यावरून केलेली तुलना फसवी ठरते.

गाणं बँडवरच ऐकलं असेल आणि एवढं करूनही सापडत नसेल, तर आणखी एक शक्यता तपासा. आपल्याकडचे बँड मास्तर मुखड्याआधी स्वतः बसवलेला तुकडा जोडतात, कधी एका गाण्याची सुरुवात दुसऱ्या गाण्याला लावतात. तो सॅक्सोफोन मग कुठल्याच रेकॉर्डवर मिळणार नाही. लग्नाचा सिझन सरल्यावर मास्तर निवांत असतात. त्यांना तुकडा गुणगुणून दाखवा आणि तो कुठला आहे हे न विचारता त्याच्यापुढे ते कोणता मुखडा घेतात ते विचारा.