कुत्र्याची चाल दुडकी वाटत होती, ती अशी सुटली

कुत्र्याच्या चालण्याचं अ‍ॅनिमेशन करत होतो, त्यातल्या 24 फ्रेमच्या चक्रात डावा मागचा आणि उजवा पुढचा पाय एकाच फ्रेमला टेकत होते. कर्णातले पाय जोडीने पडले की ती चाल राहत नाही, दुडकी होते. केस, शेपूट कितीही नीट करा, डोळ्याला ते खटकतंच.

म्हणून सगळा तपशील लपवला. धडासाठी दोन गोळे, पायांसाठी चार रेघा, एवढंच ठेवलं. मग फक्त पाय टेकण्याच्या फ्रेम लावल्या: डावा मागचा 1, डावा पुढचा 7, उजवा मागचा 13, उजवा पुढचा 19. प्रत्येक पाय साधारण 15 फ्रेम जमिनीवर, 9 हवेत. चक्रात कुत्रा जागच्या जागी चालतो, म्हणून टेकलेला पंजा दर फ्रेमला सारखंच अंतर मागे सरकला पाहिजे, नाहीतर तो घसरल्यासारखा दिसतो.

तरीही धड टेबलासारखं ताठ दिसत होतं, कारण कंबर आणि खांदे एकदमच वरखाली होत होते. कंबर 4 आणि 16 ला खाली, 10 आणि 22 ला वर घेतली. खांदे बरोबर उलटे. पाठ झोपाळ्याच्या फळीसारखी हलायला लागली आणि कुत्र्याला वजन आलं. मान, कान, शेपूट त्यानंतरच, दोन-तीन फ्रेम मागे ठेवून.