नऊ की अठरा? भिंगाच्या एका उदाहरणाची तपासणी

एमएस्सी करत असताना संध्याकाळचे दोन तास मी एका खासगी क्लासमध्ये दहावीचे पेपर तपासायचे. काम सोपं वाटलं होतं. उत्तरसूची शेजारी ठेवायची, शेवटचं उत्तर जुळलं की पायऱ्यांवरून नजर फिरवायची आणि गुण द्यायचे. पहिल्याच महिन्यात 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यावरची चाचणी आली. त्यातल्या तीन गुणांच्या एका उदाहरणाने मला पेपर तपासायला शिकवलं, म्हणून नव्याने हे काम धरणाऱ्यांसाठी तेवढंच सविस्तर लिहिते.

उदाहरण असं होतं: बहिर्वक्र भिंगापासून १२ सेमी अंतरावर वस्तू ठेवली असता तिप्पट मोठी व सुलटी प्रतिमा मिळते. भिंगाचे नाभीय अंतर काढा.

उत्तरसूचीत ९ सेमी होतं. बऱ्याच मुलांचंही ९ आलं होतं. एका मुलीचं १८ आलं, मी लाल शाईने काट मारली आणि पुढे गेले. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. वाद घालायच्या सुरात नव्हती, खरंच गोंधळली होती.

"मॅडम, नाभीय अंतर ९ असेल तर १२ वर ठेवलेली वस्तू नाभीच्या बाहेर झाली ना? मग प्रतिमा सुलटी कशी?"

मी उत्तरसूची पुन्हा पाहिली. तिथली मांडणी अशी होती:

```
u = -12,  m = 3,  v = 36
1/f = 1/v - 1/u = 1/36 + 1/12 = 4/36
f = 9
```

वरवर काही खटकत नाही. वस्तू भिंगाच्या डावीकडे म्हणून u ऋण, हे बरोबर. सूत्र भिंगाचंच आहे. उत्तर धन आलंय आणि बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धनच असतं. शिवाय पूर्णांक आलाय, आणि पूर्णांक आला की तपासणाऱ्याचा हात सैल सुटतो हे मी स्वतःवरून सांगते.

चूक पहिल्या ओळीतल्या `v = 36` मध्ये आहे. कार्टेशिअन चिन्ह संकेतानुसार सगळी अंतरं प्रकाशीय केंद्रापासून मोजायची, उजवीकडची धन आणि डावीकडची ऋण. बहिर्वक्र भिंगातून सुलटी प्रतिमा दिसते ती आभासी असते आणि वस्तूच्याच बाजूला असते. म्हणजे ती डावीकडे, ३६ सेमीवर, आणि v हवा -36. एकाच ओळीत u ला चिन्ह लावलं आणि v नुसत्या आकड्याने लिहिला. संकेत अर्धाच पाळला गेला.

```
u = -12,  m = +3,  v = m × u = -36
1/f = 1/v - 1/u = -1/36 + 1/12 = 2/36
f = 18
```

तिचं उत्तर बरोबर होतं, सूची चुकलेली होती.

नवीन माणूस इथे एक गोष्ट हमखास करतो, मीही केली. शंका आली म्हणून सूचीतले आकडे सूत्रात परत घालून पाहिले. 1/36 अधिक 1/12 म्हणजे 1/9. जुळलं! जुळणारच होतं, कारण चुकीचं चिन्ह घातलेला आकडाच मी परत घालत होते. चिन्हाची चूक अशा ताळ्यात कधीच सापडत नाही. हा ताळा फक्त बेरीज-वजाबाकी बरोबर आहे एवढंच सांगतो.

ताळा असा हवा की ज्यात चिन्हं येतच नाहीत. मी त्या मुलीसमोरच कागदावर आकृती काढली. वस्तूची उंची h धरा. तिच्या टोकाकडून मुख्य अक्षाला समांतर निघालेला किरण भिंगावर h उंचीवर पोचतो आणि तिथून पलीकडच्या नाभीतून जातो. म्हणजे f एवढं अंतर पुढे जाताना तो h इतका खाली उतरतो. हीच रेषा मागे, वस्तूच्या बाजूला वाढवली तर f एवढं मागे गेल्यावर ती h ने वर चढणार. आभासी प्रतिमेचं टोक याच मागे वाढवलेल्या रेषेवर असतं. प्रतिमा तिप्पट, म्हणजे टोक 3h उंचीवर. भिंगापाशी रेषा h वर होतीच, आणखी 2h चढायचं तर 2f मागे जावं लागेल. प्रतिमा ३६ सेमीवर आहे, म्हणून 2f म्हणजे ३६ आणि f म्हणजे १८. यात धन-ऋण कुठेच आलं नाही. f ९ धरून पाहा: ३६ सेमी मागे जाणं म्हणजे चार वेळा f, टोक 5h वर जाईल, प्रतिमा पाचपट व्हायला हवी. प्रश्नात तिप्पट दिली आहे.

आकृती काढायला वेळ नसेल तेव्हा मी दुसरी युक्ती वापरते. भिंगाच्या सूत्रातून v काढून टाकला तर विशालन असं मिळतं:

```
m = f / (f + u)
```

f = 18, u = -12 घातल्यावर 18/6, म्हणजे +3. f = 9 घातल्यावर 9/(-3), म्हणजे -3. तिप्पट दोन्हीकडे आहे, पण ऋण चिन्ह सांगतंय की ती प्रतिमा उलटी आहे. म्हणजे सूचीतलं ९ हे दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर होतं. 'सुलटी' ऐवजी 'उलटी' छापलं असतं तर ९ ला पूर्ण गुण. या युक्तीला एक मर्यादा आहे. u चं चिन्हच कुणी चुकवलं असेल तर ही पण फसते, म्हणून u आधी स्वतःच्या हाताने ठरवायचा, मुलाने लिहिलेला उचलायचा नाही.

आता ही चूक येते कुठून? मला वाटलं होतं आळसातून. पण मुलांच्या कच्च्या कामाकडे बघायला लागल्यावर दिसलं की बहुतेकांनी v = 36 विचार करूनच काढला होता. त्यांनी लिहिलं होतं `m = -v/u`. हे आरशाचं सूत्र आहे, नववीत पाठ झालेलं. आरशासाठी विशालन उणे v भागिले u आणि भिंगासाठी नुसतं v भागिले u. m = 3, u = -12 हे आरशाच्या सूत्रात घातलं की v नेमका +36 येतो, एकही चिन्ह न गाळता. आणि मग पुढच्या ओळीत सूत्र मात्र भिंगाचं. गंमत अशी की त्यांनी दुसरं सूत्रही आरशाचंच वापरलं असतं तर f = -18 आलं असतं, जे १८ सेमी नाभीय अंतराच्या अंतर्वक्र आरशासाठी अगदी बरोबर आहे. अर्धा आरसा आणि अर्धं भिंग असं मिळून ९ तयार झालं होतं. तेव्हापासून अशा उदाहरणात मी आधी विशालनाची ओळ शोधते, लेन्सच्या सूत्राची नाही.

एका मुलाचा पेपर निराळाच होता. त्याने सूत्र `1/f = 1/v + 1/u` लिहिलं होतं, पण u आणि v दोन्ही ऋण घातले होते. उत्तर आलं -9, आणि शेवटी "बहिर्वक्र असल्याने ९ सेमी" असं लिहून उणे चिन्ह सोडून दिलं. विचारल्यावर कळलं की घरी बाबांनी शिकवलं होतं. जुन्या काही पुस्तकांत वास्तव अंतरं धन आणि आभासी ऋण असा वेगळा संकेत होता, त्याचं हे अधिकाचं सूत्र. त्यात चूक काहीच नाही. त्या पद्धतीने u = 12, v = -36 घेतले तरी १८ च येतं. पण बाबांचं सूत्र आणि पुस्तकातली चिन्हं एकत्र केली की दोन्ही संकेतांतलं उणे बिघडतं. हा पेपर मी आधी सूचीशी जुळला म्हणून बरोबर धरला होता, हे सांगायला हवं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मात्र १८ उत्तर आलेल्या दुसऱ्या एका पेपरने. त्यात असं होतं:

```
u = 12,  v = 36
1/f = 1/36 - 1/12 = -2/36
f = -18
```

खाली लिहिलं होतं, "म्हणून f = 18 सेमी." सूची दुरुस्त झाल्यावर हे उत्तर जुळत होतं. मग गुण द्यायचे का? एकही चिन्ह लावलेलं नाही, असं म्हणून शून्य द्यावं असं पहिल्यांदा वाटलं. पण नीट पाहिलं तर वस्तू आणि प्रतिमा दोन्ही डावीकडेच होत्या आणि त्याने दोन्हींना सारखंच चिन्ह दिलं होतं. अक्षाची दिशा उलटी धरली, डावी बाजू धन मानली, तर हे सुसंगत आहे. अशा उलट्या अक्षावर बहिर्वक्र भिंगाचा f ऋणच येणार, आणि तो -18 आलाही. म्हणजे आकडेमोड सुसंगत, फक्त शेवटचं उणे कारण न देता पुसलेलं. त्याने खरंच अक्ष उलटा धरला होता की चिन्हं विसरला होता, हे कागदावरून सांगता येत नाही. वर्गात विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, उणे आलं म्हणून काढून टाकलं." मी तीनपैकी दीड दिला. क्लासच्या सरांचं म्हणणं एकच द्यावा. माझं मत अजून दीडच आहे, कारण ज्यांनी u ला चिन्ह लावून v ला नाही लावलं त्यांच्यापेक्षा याच्या मांडणीत भौतिकशास्त्राची मोडतोड कमी होती.

दुसऱ्या दिवशी सूची बदलली आणि सगळे पेपर परत मागवले. ९ वाल्यांपैकी ज्यांनी u बरोबर लिहून पुढे आरशाचं विशालन वापरलं होतं त्यांना सूत्राचा एक गुण राहिला, बाकीचे गेले. गलका झाला. तेव्हा त्या मुलीने प्रयोगशाळेच्या कपाटातून एक बहिर्वक्र भिंग आणलं आणि खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा वहीच्या पानावर स्पष्ट पाडली. भिंगापासून पानापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं, साधारण दहा सेमी भरलं. मग वहीतल्या अक्षरांपासून भिंग आधी सातावर आणि नंतर बारावर धरून प्रत्येकाला मीटरभर लांबून त्यातून बघायला लावलं. सातावर अक्षरं मोठी आणि सुलटी दिसत होती, बारावर उलटी.