कंटेनरचं दार उघडण्याआधी: जड खोकी उतरवायची तयारी

सुट्या खोक्यांनी भरलेला कंटेनर हातानं रिकामा करायचा असेल, तर दाराचं सील तोडण्याआधीच काही गोष्टी जागेवर असायला हव्यात. बूट, हातमोजे, पाणी, आत उजेड हे सांगायला नको. मागच्या खेपेला आमच्याकडून जे राहिलं आणि टोळीतल्या एका कसलेल्या माणसाची कंबर दुपारच्या आत धरली, ते आधी सांगतो. माल ज्या पॅलेटवर रचायचा ती पॅलेट जमिनीवर ठेवू नका. तिच्याखाली रिकाम्या पॅलेटी घाला. खोकं उचलायचं कसं हे सगळे शिकवतात, ते ठेवायचं किती उंचीवर हे कुणी विचारत नाही. अर्धं वाकणं तर ठेवतानाच होतं.

आता वजन. पॅकिंग लिस्टवरच्या ग्रॉस वजनाला खोक्यांच्या संख्येनं भागू नका, एका कंटेनरमध्ये 9 किलोचं आणि 24 किलोचं खोकं शेजारी शेजारी येतं. मालाच्या प्रकारानुसार वजन काढा, प्रत्येकातलं एक खोकं काट्यावर घाला आणि जड प्रकाराचा आकडा मोठ्या अक्षरात दाराशी लिहून ठेवा. हलकं समजून हिसक्यानं उचललेलं जड खोकं पाठीला फार महागात पडतं. आत शिरल्यावरही अंदाज आला नाही, तर खोक्याचा एक कोपरा तिरका करून पाहा. एवढ्यानं कळतं.

‘माणसानं किती किलो उचलावं?’ याला एक उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत पुरुषासाठी 55 किलोची वरची मर्यादा आहे. तो आकडा दाखवून कुणी 40 किलोचं खोकं एकट्याच्या अंगावर टाकत असेल, तर त्याला थांबवा. ब्रिटनमधल्या सुरक्षा यंत्रणेचे ढोबळ आकडे रोजच्या कामाला जास्त उपयोगी आहेत: अंगालगत आणि कमरेच्या उंचीवर पुरुषाला 25 किलो, बाईला 16. तेच उचलणं जमिनीलगत असेल तर 10 आणि 7. माणूस तोच, खोकं तेच, फक्त उंची बदलली आणि मर्यादा निम्म्याहून खाली आली. म्हणून पुन्हा सांगतो, खाली रिकाम्या पॅलेटी घाला.

आमच्याच मालाचा हिशोब करून दाखवतो. खोकं 18 किलोचं, पोटापासून पुढे 40 सेंटीमीटर खोल, धरायला खाच नाही. कंटेनरमधून ते रोलरवरून बाहेर येतं आणि रोलर कमरेइतका, म्हणजे 75 सेंटीमीटरवर आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेचं सूत्र सगळं अनुकूल असताना 23 किलोपासून सुरू होतं आणि प्रत्येक अडचणीसाठी त्यातून कापत जातं. पॅलेट जमिनीवर असेल तर पहिल्या थराला हात 15 सेंटीमीटरपर्यंत खाली जातात, वाकल्यामुळे खोकं अंगापासून लांब जातं, खाच नसल्याचे वेगळे कापले जातात, आणि उरतात साधारण 8.4 किलो. आपलं खोकं आहे 18 चं, दुपटीहून जास्त. आता त्याच पॅलेटखाली चार रिकाम्या घातल्या. एक पॅलेट साधारण 15 सेंटीमीटर, म्हणजे वरचा पृष्ठभाग 75 वर आला. मर्यादा 12.9 किलोपर्यंत चढते. 18 अजूनही जास्तच आहे, पण आता रोलर आणि पॅलेट एका पातळीत आहेत, त्यामुळे पहिल्या थराचं खोकं उचलायचंच नाही. ते सरकवायचं.

रिकाम्या पॅलेटी एकाच मापाच्या, न तुटलेल्या आणि बरोबर एकावर एक बसलेल्या हव्यात. डुगडुगत असतील तर नकोत. दोन थर रचून झाले की फोर्कलिफ्टनं भरलेली पॅलेट उचलून बाजूला टेकवा, खालच्या दोन रिकाम्या काढा आणि ती परत ठेवा, म्हणजे वरचे थर खांद्याच्या वर जात नाहीत. उचललेल्या काट्यांखाली हात घालून पॅलेट ओढायची नाही, कितीही घाई असली तरी. उंची बदलणारं हायड्रॉलिक टेबल असेल तर हा खटाटोप वाचतो. नसेल तर रिकाम्या पॅलेटी आदल्या संध्याकाळीच डॉकवर आणून ठेवायला सांगा. सकाळी गाडी लागल्यावर त्या गोदामाच्या दुसऱ्या टोकाला असतात, फोर्कलिफ्ट अडकलेली असते, मुकादम म्हणतो ‘चला, जमिनीवरच लावा’, आणि तिथेच सगळं बिघडतं.

पॅलेट रोलरच्या बाजूला काटकोनात ठेवू नका, रोलरच्या तोंडासमोर ठेवा. बाजूला ठेवली की माणूस पाय न हलवता कमरेतून वळतो, आणि 90 अंशांच्या वळणाला तेच सूत्र 12.9 चे 9.2 करतं. जागाच नसेल तर उलट करा: रोलर आणि पॅलेट यांच्यात दोन पावलांचं अंतर सोडा, म्हणजे वळायला पाय हलवावेच लागतात.

उचलावंच लागलं तर एक पाय पुढे, गुडघे अर्धवट वाकलेले. पूर्ण उकिडवं बसू नये, गुडघे खोक्याच्या आड येतात आणि खोकं लांब जातं. एक हात जवळच्या खालच्या कोपऱ्याखाली, दुसरा समोरच्या तिरक्या वरच्या कोपऱ्यावर. आधी खोकं अंगाला लावा, मग उठा. खोकं मांडीवर टेकवून पकड बदलावी लागत असेल किंवा उचलताना श्वास अडकत असेल, तर ते एकट्याचं नाही. दोघांनी उचलायचं तर सारख्या उंचीचे दोघं आणि ‘उचल’ म्हणणारा एकच. दोघांची ताकद मात्र दुप्पट धरू नका, दोघांच्या बेरजेचा साधारण दोन तृतीयांश धरा.

वेग. मिनिटाला चार खोकी एकच तास उचलली तर 12.9 चे 10.8 होतात, दिवसभर त्याच वेगानं उचलली तर 5.8. म्हणजे आतला आणि बाहेरचा माणूस तासाला बदला. रिकाम्या पॅलेटी असल्या तरीही बदला.

कमरेच्या पट्ट्यावर विसंबू नका. ज्याची पाठ दुखत नाही त्याची इजा पट्ट्यानं टळते, असा पुरेसा पुरावा नाही. ओल्या तळाचं खोकं आडवं धरू नका, बूड सुटतं. दार उघडताना बाजूला उभे राहा, प्रवासात सरकलेली खोकी दाराला टेकलेली असतात. आत माल जिन्यासारखा पायरीपायरीनं उतरवा, तळाची रांग ओढून वरची पाडू नका.

दुखणं कंबरेत थांबलं तर काम बदलून द्या. पायात खाली उतरलं तर घरी आणि डॉक्टरकडे. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी होईना, तर त्याच क्षणी रुग्णालय, उद्यावर ढकलायचं नाही. आणि निघताना पुढच्या गाडीसाठी रिकाम्या पॅलेटी डॉकवर आणून ठेवा.