यूआरएल शॉर्टनरचा राउंड: सहा अक्षरांच्या कोडपाशी होणाऱ्या या चुका टाळा

पवई असो, ऐरोली असो की बीकेसी, मुलाखतीत सिस्टिम डिझाइनच्या राउंडला यूआरएल शॉर्टनर आजही विचारला जातो. उमेदवार तयारी करून येतात आणि लोड बॅलन्सर, कॅश, डेटाबेस अशा चौकोनांनी फळा पाच मिनिटांत भरून टाकतात. मग मी विचारते, "छोट्या लिंकच्या शेवटी असणारा हा सहा अक्षरांचा कोड नेमका येतो कुठून?" आणि गाडी अडते. माझ्या मते या प्रश्नाचा सगळा जीव त्या कोडमध्येच आहे. म्हणून इथे त्यावरच जास्त बोलणार आहे.

चूक पहिली: पाठ केलेलं १००:१

"वाचन आणि लेखन यांचं प्रमाण १००:१ धरतो," हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकायला मिळतं. लिंक कोण, कशासाठी बनवतंय हे न विचारताच ते येतं. एक उदाहरण घेऊ. मुंबईतली एक कंपनी दवाखान्यांसाठी आणि सोसायट्यांसाठी मराठीतून एसएमएस पाठवते. देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात. मजकूर त्यापुढे गेला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. त्यामुळे लिंक छोटी हवी, ही खरी गरज आहे. दवाखान्याच्या संदेशात प्रत्येक पेशंटची लिंक वेगळी असते, कारण कुणी उघडली आणि कुणी नाही हे कळायला हवं. अशा रोज ३० लाख लिंक बनतात असं धरू.

आता १००:१ कुठे राहिलं? पेशंट आपली लिंक एकदा, फार तर दोनदा उघडतो. बरेच जण उघडतच नाहीत. म्हणजे इथे वाचन लेखनाच्या जेमतेम बरोबरीचं आहे आणि कॅश जवळपास निरुपयोगी आहे, कारण एकदा वाचलेली लिंक पुन्हा कुणी मागतच नाही. सरासरी काढली तर सेकंदाला ३५ लिंक बनतात. पण सकाळी दहाला एका मोहिमेत ५ लाख संदेश दहा मिनिटांत निघाले, तर तोच आकडा सेकंदाला ८३३ होतो. डिझाइन या दुसऱ्या आकड्यासाठी करायचं असतं.

सोसायटीच्या सूचनेची किंवा मेगाब्लॉकच्या वेळापत्रकाची लिंक मात्र एकच असते आणि ती हजारो लोक उघडतात. हे दोन प्रकार पहिल्या पाच मिनिटांत वेगळे काढणारा उमेदवार पुढे कमी अडखळतो.

साठवणीचं गणित झटपट उरकतं. रोज ३० लाख म्हणजे पाच वर्षांत साधारण ५४७ कोटी लिंक. एका नोंदीला ५०० बाइट धरले, तर २.७ टेराबाइट होतात. काही शार्ड आणि प्रत्येकाच्या प्रती एवढ्यात हे बसतं. यावर वीस मिनिटं घालवू नका.

चूक दुसरी: हॅश घ्यायचा आणि कापायचा

सगळ्यात जास्त दिसणारं उत्तर असं: लांब यूआरएलचा एमडी-५ काढा, त्यातली पहिली सहा अक्षरं घ्या. यात तीन वेगवेगळे घोटाळे आहेत.

पहिला: एमडी-५ आपल्याला दिसतो तो हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक जागी १६ शक्यता. सहा जागांना एकूण १ कोटी ६७ लाख कोड. रोज ३० लाख बनवणाऱ्या कंपनीला ते सहा दिवससुद्धा पुरत नाहीत. टक्कर तर त्याच्या कितीतरी आधी होते. साधारण ४,८०० लिंक झाल्या की कुठले तरी दोन कोड सारखे निघण्याची शक्यता निम्मी झालेली असते. सेकंदाला ३५ या वेगाने हे सव्वादोन मिनिटांत घडतं.

"मग बेस-६२ वापरू," असं पुढचं उत्तर येतं. अंक, लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं मिळून सहा जागांना सुमारे ५,६८० कोटी कोड होतात. ऐकायला हे प्रचंड वाटतं, पण टक्कर एकूण जागेच्या वर्गमुळाच्या आसपास सुरू होते आणि ५,६८० कोटींचं वर्गमूळ फक्त २ लाख ३८ हजार आहे. २ लाख ८० हजार लिंकांनंतर टक्कर होण्याची शक्यता निम्मी होते, म्हणजे पहिल्याच दिवशी, सव्वादोन तासांत. दिवसअखेर अंदाजे ७९ टकरी झालेल्या असतील. सात अक्षरं घेतली तरी पहिल्या दिवशी सरासरी एक टक्कर आहेच.

दुसरा: टक्कर झाली की काय होतं, हे बहुतेक जण सांगतच नाहीत. कॅसँड्रासारख्या डेटाबेसमध्ये साधा `INSERT` आधीच्या नोंदीवर लिहून टाकतो आणि एररही देत नाही. परिणामी एका पेशंटच्या लिंकवर दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो. लॉगमध्ये काहीच दिसत नाही, कळतं ते तक्रार आल्यावर. "आधी कोड आहे का बघू, नसेल तर टाकू," हाही उपाय नाही, कारण दोन सर्व्हर एकाच क्षणी बघतात, दोघांनाही "नाही" असं उत्तर मिळतं आणि दोघंही लिहितात. तपासणं आणि लिहिणं एकाच पायरीत व्हायला हवं. पोस्टग्रेसमध्ये, `code` वर युनिक इंडेक्स असेल तर:

```sql
INSERT INTO links (code, long_url)
VALUES ($1, $2)
ON CONFLICT (code) DO NOTHING;
```

शून्य ओळी लिहिल्या गेल्या, तर नवा कोड घेऊन पुन्हा प्रयत्न करायचा. कॅसँड्रात हेच काम `IF NOT EXISTS` करतं, फक्त ते साध्या लेखनापेक्षा महाग पडतं.

तिसरा घोटाळा आपल्या उदाहरणातच दडला आहे. शंभर सभासदांना एकाच पानाची, पण वेगवेगळी लिंक पाठवायची असेल, तर यूआरएलचा हॅश सगळ्यांना एकच कोड देईल. हॅशमध्ये वेळ किंवा मोबाइल नंबर मिसळून मार्ग काढता येतो, पण मग हॅशचा मूळ फायदाच उरत नाही. सरळ यादृच्छिक कोड घ्यावा.

चूक तिसरी: काउंटर लावला म्हणजे झालं

टक्कर नको म्हणून अनेक जण काउंटरकडे वळतात. एक आकडा वाढवत जायचा आणि तो बेस-६२ मध्ये लिहायचा. यात टक्कर होतच नाही. "मग काउंटर एकाच जागी अडकणार," ही भीतीसुद्धा फार मोठी नाही. प्रत्येक सर्व्हरने १०,००० आकड्यांचा गठ्ठा एकदम घ्यावा आणि संपेपर्यंत आपला आपण वापरावा. सर्व्हर मध्येच बंद पडला तर गठ्ठ्यातले उरलेले आकडे वाया जातात, त्याने काही बिघडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. १०० कोटीव्या लिंकचा कोड `15FTGg` असेल, तर पुढची लिंक `15FTGh` आहे हे कुणालाही कळतं. ज्याच्या हाती स्वतःची लिंक आहे, तो शेजारच्या दहा पेशंटच्या लिंका ब्राउझरमध्ये टाइप करून बघू शकतो. ही धास्ती पुस्तकी नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी छोट्या यूआरएलचे पाच-सहा अक्षरी कोड मोठ्या संख्येने तपासून लोकांच्या क्लाउडवरच्या फाइल आणि नकाशावरचे खाजगी मार्ग शोधून दाखवले. संशोधकांनी कळवल्यावर गूगलने २०१५ मध्येच नकाशांच्या नव्या छोट्या लिंकचे कोड ११-१२ अक्षरांचे केले होते.

कोड यादृच्छिक केला तरी सहा अक्षरं पुरत नाहीत. ५,६८० कोटींतले ५४७ कोटी भरले, की आंधळेपणाने टाइप केलेला साधारण प्रत्येक दहावा कोड कुणाच्या ना कुणाच्या लिंकवर जाऊन पोचतो. सात अक्षरांना हे प्रमाण ६४३ त एक होतं. दहा अक्षरांना ते १५ कोटींत एक इतकं खाली येतं, आणि तेव्हा पाच वर्षांत सगळ्या मिळून १८ च्या आसपास टकरी होतील. या टकरी वर दिलेला `INSERT` निमूटपणे सांभाळतो. बदल्यात एसएमएसमधली चार अक्षरं जातात. दवाखान्याच्या लिंकसाठी मी ही किंमत दरवेळी देईन. तरीही रिपोर्टपुढे ओटीपी लागतोच, कारण लिंक फॉरवर्ड होते. सोसायटीच्या जाहीर सूचनेला मात्र काउंटर आणि सहा अक्षरं खुशाल चालतात.

याच टप्प्यावरची एक छोटी, पण हटकून चुकणारी गोष्ट म्हणजे कोलेशन. मायएसक्यूएल ८.० मध्ये मजकुराचं डीफॉल्ट कोलेशन `utf8mb4_0900_ai_ci` असतं. ते लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे `15FTGg` आणि `15ftgg` त्याला एकच वाटतात. ६२ चिन्हांची प्रत्यक्षात ३६ होतात आणि सहा जागांना २१७ कोटीच कोड उरतात. आपली गरज तर ५४७ कोटींची आहे. डुप्लिकेट कीचे एरर गणितापेक्षा फार जास्त येऊ लागले, की आधी हे बघा आणि कॉलम `ascii_bin` करा.

चूक चौथी: ३०१ की ३०२, हे न ठरवणं

३०१ म्हणजे कायमचा पत्ताबदल. वेगळं काही सांगितलं नाही, तर ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरकडे न येता परस्पर जातो. मग क्लिक मोजले जात नाहीत. मेगाब्लॉकचं वेळापत्रक नव्या पानावर हलवलं, तरी जुन्या वाचकांना जुनंच पान दिसत राहतं. ३०२ असा आपोआप साठवला जात नाही. आपल्या कंपनीला क्लिक मोजायचे आहेत, म्हणून ३०२. "आकडे कमी दिसताहेत" अशी तक्रार आली, तर पहिली आज्ञा `curl -I`: स्टेटस कोड आणि `Cache-Control` तिथेच दिसतात.

चूक पाचवी: सगळ्याला उत्तर शार्डिंग

धो धो पाऊस, लोकल ठप्प, आणि वेळापत्रकाची एकच लिंक पाच मिनिटांत १० लाख जणांनी उघडली असं समजा. हे सेकंदाला ३,३३३ क्लिक झाले, आणि सगळे एकाच कोडवर. शार्ड चाराचे चाळीस केले तरी हा कोड एकाच शार्डवर असणार आणि भार तिथेच पडणार. इथे कॅश कामाला येते, तीही प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत, काही सेकंदांपुरती. त्या सेकंदांची मुदत संपताना सगळे एकदम डेटाबेसकडे धावू नयेत, म्हणून एका सर्व्हरवरून एका कोडसाठी एकच विनंती आत सोडायची आणि बाकीच्यांनी तिच्या उत्तरासाठी थांबायचं.

वाचनासाठी रेप्लिका लावल्या की आणखी एक बिघाड येतो. लिंक बनते, एसएमएस लगेच जातो, पेशंट लगेच उघडतो. रेप्लिका तोवर दोन सेकंद मागे असते आणि त्याला ४०४ मिळतो. हे "नाही" उत्तरही कॅशमध्ये मिनिटभर ठेवलं असेल, तर रेप्लिका भरल्यावरही लिंक मेलेलीच दिसते. खूण सोपी आहे: ४०४ आलेल्या कोडची बनण्याची वेळ तपासा, बहुतेक सगळे नुकतेच बनलेले निघतील. उपाय म्हणून लिंक बनवतानाच ती थोड्या मुदतीसाठी सामायिक कॅशमध्ये टाकावी, आणि रेप्लिकेत न सापडलेला कोड ४०४ देण्याआधी एकदा प्रायमरीत बघावा. ही दुसरी वाट उघडली, की कोड ओळीने तपासणारा कुणीही न सापडणाऱ्या विनंत्यांनी थेट प्रायमरीवर भार टाकू शकतो. म्हणून एका आयपीवरून मिनिटाला किती ४०४ चालतील, याची मर्यादा त्याच दिवशी लावावी.