चौथऱ्यावरचं नाव नेमकं कोणाचं?

पुतळ्यांच्या आणि थडग्यांच्या नोंदी करण्याच्या कामात नव्याने आलेले बहुतेक जण चेहऱ्याकडे आधी पाहतात. मी त्यांना चौथऱ्याकडे वळवतो. चेहरा शिल्पकाराच्या कल्पनेतलाही असू शकतो, पण कोरलेलं नाव आणि साल तपासता येतं. मात्र दगडावर एकच नाव आणि एकच साल असेल, असं धरून चालू नका. प्रत्येक नावापुढे ‘हे कोण?’ आणि प्रत्येक सालापुढे ‘तेव्हा काय घडलं?’ असं लिहून सुरुवात करा.

सेंट पीटर्सबर्गमधला घोडेस्वाराचा प्रसिद्ध ब्राँझ पुतळा सरावाला उत्तम आहे. खालच्या प्रचंड शिळेवर एका बाजूला लॅटिनमध्ये ‘पेत्रो प्रिमो कॅथरिना सेकुंदा’ आणि रोमन अंकांत १७८२ एवढंच कोरलेलं आहे. दोन नावं, एक साल. घोड्यावर पुरुष आहे म्हणून तो पीटर, असा अंदाज इथे बरोबर येईल. पण दोन्ही नावं पुरुषांची असतील तिथे तो कामाचा नाही. खरा पुरावा विभक्तीत आहे. ‘पेत्रो’ ही चतुर्थी, म्हणजे ‘पीटरला’. ‘कॅथरिना’ ही प्रथमा, म्हणजे देणारी ती. स्मारक-लेखांत चतुर्थीतलं नाव बहुधा गौरवमूर्तीचं आणि प्रथमेतलं स्मारक उभारणाऱ्याचं असतं. तेवढी दोन रूपं ओळखण्यापुरतं लॅटिन जरूर शिका.

आता ‘प्रिमो’, म्हणजे पहिला. हा शब्द झिजला असता तर मोठा घोळ झाला असता, कारण रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिचा नवरा तिसरा पीटर होता आणि बायकोने नवऱ्याचं स्मारक उभारलं ही गोष्ट कुणालाही सहज पटली असती. पहिला पीटर १६७२ ते १७२५ या काळातला. म्हणजे १७८२ हे त्याच्या जन्माचंही नाही आणि मृत्यूचंही नाही. त्या वर्षी पुतळ्याचं अनावरण झालं. शिवाय तो १६८२ मध्ये गादीवर आला, त्याला शंभर वर्षं झाली होती. जन्ममृत्यूशी न जुळणारं साल दिसलं की पन्नास, शंभर, दीडशे वर्षं मागे जाऊन पाहायची सवय लावा. ज्या व्यक्तीचा अंदाज बांधला तो उमेदवार बरोबर आहे की नाही, याची ती चांगली परीक्षा असते.

रोमन अंकांची एक अडचण आहे. या सालात दहाचं अक्षर तीनदा येतं. त्यातलं एक झिजलं तर १७७२ वाचलं जाईल, आणि तेव्हाही कॅथरिनच राज्यावर असल्याने चूक लक्षात येणार नाही. म्हणून सगळ्या बाजू वाचायच्या. इथे दुसऱ्या बाजूला तोच मजकूर रशियनमध्ये आहे आणि साल साध्या अंकांत आहे. झिजलेल्या अक्षरांवर अगदी बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर असा टॉर्चचा झोत टाका. खाचांत सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. खडू घासू नका आणि तारेचा ब्रश तर मुळीच नको. दोन्हींनी दगडाची हानी होते.

थडग्यांवर आणखी एक गुंता येतो तो वयाचा. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये शेक्सपियरचा अर्धपुतळा आहे. त्याखालच्या लॅटिन ओळींत सॉक्रेटिसचंही नाव येतं, ते फक्त तुलनेसाठी. शेवटी मृत्यूचं साल १६१६, दिवस २३ एप्रिल आणि वय ५३ दिलं आहे. सरळ वजाबाकी केली तर १५६३ येतं, पण त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद २६ एप्रिल १५६४ची आहे. कारण इथलं ५३ म्हणजे चालू असलेलं त्रेपन्नावं वर्ष, पूर्ण झालेलं नव्हे. अशा वेळी जन्मनोंद एकाच सालात शोधू नये. ५३ पूर्ण धरलं आणि चालू धरलं, असे दोन्ही हिशेब केले की १५६२ ते १५६४ एवढा पट्टा येतो. तो पूर्ण चाळावा.

तारीख थोड्या दिवसांनी चुकत असेल तर उमेदवार लगेच बाद करू नका. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्या थडग्यावर जन्म २ एप्रिल १७४३ आहे आणि चरित्रांत १३ एप्रिल. दगडावर तारखेपुढे ‘जुनी पद्धत’ या अर्थाची दोन अक्षरं कोरलेली आहेत. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, त्यामुळे त्याआधीच्या अठराव्या शतकातल्या तारखांत अकरा दिवसांचा फरक पडतो. बरोबर अकराचा फरक असेल तर ती व्यक्ती तीच असण्याची शक्यता उलट वाढते. चार-पाच दिवसांचा असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

नोंद लिहिताना दगडावरचा मजकूर ओळीला ओळ जसाच्या तसा उतरवा, न वाचलेल्या अक्षरांची जागा मोकळी सोडा आणि ती व्यक्ती कोण, हा तुमचा निष्कर्ष वेगळ्या रकान्यात लिहा. नुसतं नाव जुळत असेल तर ‘संभाव्य’ म्हणा. नाव आणि मृत्यूची पूर्ण तारीख जुळून, त्याच नावाचे भाऊ, वडील किंवा मुलगा वगळता आले, तरच मी ‘निश्चित’ लिहितो.